अपवर्कवरचे रेटिंग, कामांची संख्या आणि परतलेले ग्राहक लिंक्डइनवर कसे मांडावेत

अपवर्कवर काही वर्षे काम केलेल्या फ्रीलान्सरकडे त्या ठिकाणी बरेच काही जमा झालेले असते: जॉब सक्सेस स्कोअर, पूर्ण झालेल्या कामांची यादी, ग्राहकांचे तारे आणि पुन्हा पुन्हा काम देणारी चार-पाच माणसे. लिंक्डइनवर मात्र यातले काहीही आपोआप येत नाही. तेथे प्रत्येक आकडा स्वतःच्या हाताने लिहावा लागतो, आणि हाताने लिहिता येणारा आकडा कोणीही लिहू शकतो, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून त्या आकड्यावर विश्वास बसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आकडा नेमके काय मोजतो हे वाक्यातूनच कळले पाहिजे, आणि वाचणाऱ्याला तो मूळ पानावर जाऊन पडताळता आला पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

स्पष्टतेसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकची एक अनुवादक मराठी, हिंदी आणि इंग्रजी सबटायटलचे काम करते. तिच्या अपवर्क प्रोफाइलवर 63 पूर्ण झालेली आणि 4 चालू असलेली कामे आहेत, जॉब सक्सेस स्कोअर 96 टक्के आहे आणि टॉप रेटेडचा बिल्ला आहे. मुंबईतल्या निर्मितीसंस्थांची आणि परदेशी प्रशिक्षण कंपन्यांची कामे तिला लिंक्डइनवरून मिळवायची आहेत. या मंडळींपैकी अनेकांनी अपवर्क कधी उघडलेलेही नसते.

पहिली पायरी: आधी स्वतःची मोजणी करा

लिंक्डइन उघडण्याआधी एक्सेलचा साधा तक्ता करा. अपवर्कवरील करारांच्या यादीतून प्रत्येक कराराची एक ओळ घ्या आणि तीत ग्राहक, सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, मिळालेले तारे आणि लेखी अभिप्राय आहे की नाही एवढेच लिहा. चालू कामे वेगळ्या रंगात ठेवा, कारण ती 'पूर्ण झालेली' नाहीत. 67 ही संख्या 63 पेक्षा फारशी मोठी नाही, पण कोणी मूळ पान उघडून पाहिले आणि तेथे 63 दिसले, तर तुमच्या बाकीच्या सगळ्या आकड्यांकडेही तो संशयाने पाहू लागतो.

आता हाच तक्ता ग्राहकानुसार लावा. आपल्या अनुवादकेची 63 कामे 38 ग्राहकांची निघाली. त्यांपैकी 24 जणांनी एकेकच काम दिले. उरलेल्या 14 जणांनी मिळून 39 कामे दिली, आणि त्या 39 पैकी 12 कामे एकट्या एका ग्राहकाची होती. ही मोजणी केल्याशिवाय '63 कामे' या आकड्यामागे काय आहे हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते.

परतलेल्या ग्राहकांचा आकडा तुम्हालाच मोजावा लागतो आणि म्हणून सर्वांत जास्त फुगतो तोही हाच. वरच्या एकाच तक्त्यातून तीन निरनिराळी विधाने करता येतात आणि हिशेब म्हणून तिन्ही बरोबर आहेत. एकापेक्षा जास्त कामे दिलेले ग्राहक 38 पैकी 14, म्हणजे सुमारे 37 टक्के. अशा ग्राहकांनी दिलेली कामे 63 पैकी 39, म्हणजे सुमारे 62 टक्के. आणि प्रत्येकाचे पहिले काम वगळले, तर खऱ्या अर्थाने पुन्हा आलेली कामे 63 पैकी 25, म्हणजे सुमारे 40 टक्के. नवखा माणूस साहजिकच 62 उचलतो आणि '62 टक्के ग्राहक परत येतात' असे लिहून मोकळा होतो. येथे हिशेब बरोबर असूनही वाक्य खोटे होते, कारण 62 टक्के कामांचे आहेत, ग्राहकांचे नाहीत. शिवाय त्या टक्केवारीचा मोठा भाग एकाच ग्राहकाच्या बारा कामांमुळे वाढलेला आहे.

यापुढची चाळणी अधिक बारीक आहे. त्या 14 पैकी दोन ग्राहकांनी एकाच प्रकल्पाचे दोन भाग करून एकाच दिवशी दोन करार उघडले होते. ते ग्राहक परत आलेले नाहीत. त्यांनी एकदाच ठरवले आणि कागद दोन केले. त्यांना वगळल्यावर 12 उरतात. माझ्या मते वापरण्याजोगी व्याख्या अशी आहे: पहिले काम हाती पडल्यानंतर, ते पाहून, ज्याने नवे काम दिले तो परतलेला ग्राहक. या व्याख्येनुसार दीड वर्ष चाललेला तासाच्या दराचा एकच करारही 'परतलेला ग्राहक' ठरत नाही. ती गोष्ट तितकीच चांगली आहे, पण ती 'अठरा महिने सलग काम' अशी तिच्या स्वतःच्या नावानेच लिहावी.

तेव्हा लिहायचे वाक्य ठरले: '38 ग्राहकांपैकी 12 जणांनी पहिले काम पूर्ण झाल्यावर पुन्हा काम दिले.' टक्के काढूच नका. ग्राहक शंभरापेक्षा कमी असतील तेव्हा टक्केवारीमुळे छोटा आकडा मोठा भासतो आणि जाणत्या वाचकाला तेच खटकते. पूर्ण संख्या दिली की त्याला विचारण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी पायरी: रेटिंग म्हणजे नेमके काय, ते लिहा

जॉब सक्सेस स्कोअर म्हणजे ताऱ्यांची सरासरी नव्हे, आणि '96 टक्के ग्राहक समाधानी' असाही त्याचा अर्थ होत नाही. अपवर्क तो ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या परिणामांवरून काढते. त्यात ग्राहकाने खासगीत दिलेला आणि तुम्हाला कधीही न दिसणारा अभिप्रायही धरला जातो. तो मागील 6, 12 आणि 24 महिन्यांच्या कालावधींवर मोजून त्यांतला सर्वोत्तम दाखवला जातो. याचे दोन परिणाम होतात. एक, हा आकडा हलतो, म्हणून तो तारखेशिवाय लिहू नये. दोन, तो अलीकडच्या काळाचा असतो, संपूर्ण कारकिर्दीचा नसतो. 'आजवरचा 96 टक्के यशाचा दर' असे लिहिणे चूक आहे. 'अपवर्कवरील जॉब सक्सेस स्कोअर 96 टक्के (जून 2025)' एवढे पुरते.

ताऱ्यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. प्रत्येक ग्राहक अभिप्राय देतोच असे नाही. अपवर्कच्या यादीत अनेक कामांसमोर अभिप्राय दिला नसल्याची नोंद असते. आपल्या अनुवादकेच्या 63 कामांपैकी 41 कामांना तारे मिळाले, त्यांपैकी 36 कामांना पूर्ण पाच, चार कामांना चार ते पाच यांच्या दरम्यान आणि एका कामाला 2.6. '63 कामे, पाच तारे' असे लिहिले तर अभिप्राय न मिळालेली 22 कामेही पाच ताऱ्यांची असल्याचा आभास होतो. 'अभिप्राय मिळालेल्या 41 कामांपैकी 36 कामांना पाचपैकी पाच तारे' हे वाक्य लांब आहे, पण मूळ पान उघडल्यावरही ते टिकते. त्या 2.6 चा उल्लेख प्रोफाइलवर करण्याची गरज नाही. कोणी विचारलेच तर सांगण्यासाठी दोन वाक्ये मनात तयार ठेवावीत. ज्या वाक्यामुळे तो अभिप्राय अस्तित्वातच नसल्यासारखे वाटेल, असे वाक्य मात्र टाळावे.

टॉप रेटेड हा बिल्ला अपवर्कचा आहे, आणि त्यासाठी इतर अटींसोबत किमान 90 टक्के जॉब सक्सेस स्कोअर लागतो. बरेच जण त्याचे भाषांतर 'जगातील सर्वोत्तम दहा टक्के फ्रीलान्सर' असे करतात. त्या बिल्ल्याची व्याप्ती अपवर्कपुरती आहे, म्हणून 'अपवर्कवर टॉप रेटेड' एवढेच लिहावे. लिंक्डइनच्या प्रमाणपत्रांच्या विभागातही तो घालू नये असे मला वाटते. ते प्रमाणपत्र नाही, परीक्षा नाही, आणि निकष पूर्ण होईनासे झाले की तो जातो.

फाइव्हरवरही काम करत असाल तर तेथील संख्या अपवर्कच्या संख्येत मिळवू नका. फाइव्हरची एक ऑर्डर पाच मिनिटांच्या एका क्लिपची असू शकते आणि अपवर्कचा एक करार सहा महिन्यांचा. यांची बेरीज कशाचीच नसते. दोन ठिकाणांसाठी दोन ओळी लिहाव्यात.

तिसरी पायरी: दुवा खरोखर उघडतो का ते पाहा

ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि बहुतेक जण तीच विसरतात. अपवर्कच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल कोणाला दिसावे हे ठरवता येते: सर्वांना, फक्त अपवर्कच्या वापरकर्त्यांना, किंवा कोणालाच नाही. दुसरा पर्याय निवडलेला असेल तर लिंक्डइनवरून आलेल्या माणसासमोर तुमच्या कामाऐवजी लॉगिनचे पान येते आणि तो तेथूनच परत जातो. पर्याय सर्वांसाठी खुला करा, दुवा कॉपी करा आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे लॉगिन नसलेल्या अवस्थेत, तो उघडून पाहा. तुम्ही लिहिणार असलेले आकडे तेथे परक्या माणसाला दिसतात का हे तपासा. जो आकडा तेथे दिसत नाही, तो पडताळता येणार नाही असे गृहीत धरूनच लिहावे लागते. परतलेल्या ग्राहकांचा आकडा याच गटातला आहे; त्याला आधार कसा द्यायचा ते पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी: कोणता मजकूर कोठे

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे लिंक्डइनवरील अनुभवाचा विभाग. तेथे कंपनीच्या रकान्यात अपवर्क निवडले की अपवर्कचे बोधचिन्ह येते आणि तुम्ही त्या कंपनीत नोकरी करता असे दिसते. अपवर्क ही तुमची नोकरी देणारी संस्था नाही. तेथे तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करता. पदाच्या जागी 'सबटायटल अनुवादक', कंपनीच्या जागी स्वतःच्या व्यवसायाचे नाव किंवा 'स्वतंत्र व्यवसाय', आणि कामाच्या प्रकारात फ्रीलान्स हा पर्याय, अशी नोंद करावी. अपवर्कचे नाव वर्णनात येईल.

वर्णनाचा मजकूर आपल्या अनुवादकेसाठी असा होईल. ग्राहक परदेशी असल्याने ती तो इंग्रजीत लिहील, पण रचना हीच राहील:

'मराठी, हिंदी आणि इंग्रजी भाषांत प्रशिक्षण व्हिडिओ व माहितीपटांसाठी सबटायटल आणि अनुवाद. 2021 पासून अपवर्कवर 38 ग्राहकांची 63 कामे पूर्ण. त्यांपैकी 12 ग्राहकांनी पहिले काम पूर्ण झाल्यावर पुन्हा काम दिले. एका प्रशिक्षण कंपनीसाठी आजवर 12 अभ्यासक्रमांची सबटायटल. अभिप्राय मिळालेल्या 41 कामांपैकी 36 कामांना पाचपैकी पाच तारे. जॉब सक्सेस स्कोअर 96 टक्के. सर्व आकडे 30 जून 2025 रोजीचे. कामांची यादी आणि अभिप्राय सोबतच्या दुव्यावर.'

यात एका ग्राहकाची बारा कामे लपवलेली नाहीत, उलट स्वतंत्र वाक्यात पुढे आणली आहेत. मोठ्या ग्राहकामुळे एकूण संख्या वाढलेली असेल, तर तो उघड सांगितल्यावर दोष न राहता बळ ठरतो. ग्राहकाचे नावही घातलेले नाही. अपवर्कच्या सार्वजनिक यादीत सहसा कामाचे शीर्षक दिसते, ग्राहकाची ओळख नाही. ती ओळख लिंक्डइनवर उघड करायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी, आणि गोपनीयतेचा करार झाला असेल तर विचारण्याआधी तो वाचावा. 'एक प्रशिक्षण कंपनी' असे लिहूनही काम भागते.

मथळ्याला लिंक्डइन 220 अक्षरे देते, तरी तेथे आकड्यांची गर्दी करू नये. मथळा शोधाच्या निकालात, टिप्पणीशेजारी, सगळीकडे दिसतो आणि तेथे खुलासा करायला जागा नसते. खुलाशाशिवाय '96 टक्के' म्हणजे काय, हे अपवर्क न वापरणाऱ्याला कळत नाही. मथळ्यात काम आणि भाषा लिहाव्यात, फार तर 'अपवर्कवर टॉप रेटेड' हे तीन शब्द. परिचयाच्या विभागात सुरुवातीच्या काही ओळीच उघड्या दिसतात, बाकीचा मजकूर दाबल्यावर उघडतो; म्हणून परतलेल्या ग्राहकांचे वाक्य तेथे वर घ्यावे आणि रेटिंग खाली जाऊ द्यावे. निर्मितीसंस्थेतल्या माणसाला तुमच्या ताऱ्यांपेक्षा, आधी काम दिलेला माणूस परत आला का, हे कळण्यात अधिक रस असतो.

फीचर्ड विभागात अपवर्क प्रोफाइलचा दुवा ठेवावा. स्क्रीनशॉटही ठेवता येतो, पण तो दुव्याच्या सोबतीने, त्याच्या जागी नव्हे. नुसते चित्र कोणीही बदलू शकते. चित्र घ्यायचेच तर पूर्ण पट्टी घ्यावी: नाव, स्कोअर आणि कामांची संख्या एकाच चौकटीत, खाली तारीख. फक्त पाच ताऱ्यांचा तुकडा कापून लावला तर बाकीचे का कापले, हाच प्रश्न आधी उभा राहतो. संदेशांचे स्क्रीनशॉट तर लावूच नयेत. त्यात समोरच्याचे नाव, फाइलींची नावे, कधी रक्कमही असते आणि ती दाखवण्याचा अधिकार तुम्हाला नसतो.

पाचवी पायरी: परतलेल्या ग्राहकाकडून शिफारस

'38 पैकी 12' हा आकडा अपवर्कच्या पानावर कोणाला थेट दिसत नाही. त्याला आधार देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्या बारांपैकी दोघा-तिघांची लिंक्डइनवरची शिफारस. ती त्यांच्या खऱ्या खात्यावरून येते, तिच्यासोबत त्यांचे नाव आणि पद दिसते, आणि तिचा मजकूर तुम्हाला बदलता येत नाही. तुम्ही फार तर दुरुस्तीची विनंती करू शकता किंवा ती दाखवायची नाही असे ठरवू शकता. म्हणूनच तिला वजन आहे.

येथे अपवर्कचे नियम सांभाळावे लागतात. करार सुरू होण्यापूर्वी अपवर्कबाहेर संपर्क साधणे किंवा संपर्काचा तपशील देणे नियमबाह्य आहे; म्हणून चौकशी करणाऱ्या नव्या माणसाला लिंक्डइनचा दुवा पाठवू नये. करार झालेल्या ग्राहकाशी लिंक्डइनवर जोडले जाता येते, पण ओळख अपवर्कवर झाली असेल तर त्याच्याकडून येणारे पैसे दोन वर्षे अपवर्कमार्फतच घ्यावे लागतात. त्यातून मोकळे होण्यासाठी वेगळे शुल्क आहे. शिफारस मागणाऱ्या संदेशात 'पुढचे काम थेट करू या' असे एक वाक्य जरी आले, तरी जे रेटिंग दाखवायचे आहे तेच खाते धोक्यात येते.

शिफारसीची विनंती फक्त थेट जोडलेल्या व्यक्तीलाच पाठवता येते, म्हणून आधी जोडणी, मग विनंती. वेळ दुसरे किंवा तिसरे काम संपल्यानंतरची निवडावी, आणि लिंक्डइनने सुचवलेला तयार मजकूर न पाठवता स्वतः लिहावे:

'नमस्कार. तुमच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची सबटायटल मी मार्च 2023 पासून करत आहे. तुम्हाला योग्य वाटत असल्यास माझ्या लिंक्डइन प्रोफाइलसाठी चार ओळी लिहाल का? पहिल्या कामानंतर तुम्ही पुन्हा मलाच काम का दिले, एवढे तुमच्या शब्दांत आले तरी पुरेसे आहे. कंपनीचे नाव किंवा अभ्यासक्रमाचे तपशील न घालणे सोयीचे असेल तर तसेही चालेल. वेळ नसेल तर काहीही हरकत नाही.'

'पुन्हा मलाच का' या प्रश्नामुळे उत्तरात वेळेवर फाइल मिळणे, वाक्ये पडद्यावर वाचता येतील एवढी ठेवणे, शब्दावली सर्व भागांत सारखी राखणे अशा नेमक्या गोष्टी येतात. 'अभिप्राय द्या' एवढेच म्हटले तर 'खूप छान काम' एवढेच परत येते. तयार मजकूर लिहून देऊन सही मागण्यासारखा प्रकार करू नये. तीन वेगवेगळ्या माणसांच्या शिफारसी एकाच शैलीत असल्या की ते लगेच ओळखू येते.

ग्राहक लिंक्डइनवर नसेल तर त्याचा अपवर्कवरचा अभिप्राय अवतरणचिन्हांत, शब्द न बदलता, 'अपवर्कवरील अभिप्राय, मे 2025' अशा नोंदीसह वर्णनात घेता येतो. अनुवाद केला असेल तर तसे लिहावे. दोन वाक्ये गाळून मधले कौतुक तेवढे जोडू नये, कारण मूळ अभिप्राय तुम्ही स्वतःच दिलेल्या दुव्यावर आहे.

सहावी पायरी: तारीख जपणे

दर तीन महिन्यांनी तक्ता उघडून आकडे पुन्हा मोजावेत आणि लिंक्डइनवर आकडे व तारीख एकाच वेळी बदलावीत. कामांची संख्या फक्त वाढते, म्हणून ती थोडी जुनी राहिली तरी नुकसान नाही. दुव्यावर 70 आणि प्रोफाइलवर 63 दिसले तर कोणी शंका घेत नाही. स्कोअर आणि बिल्ला यांचे तसे नाही. स्कोअर 96 वरून 88 वर आला आणि टॉप रेटेड गेले, तर त्याच दिवशी मथळ्यातून ते शब्द आणि वर्णनातून स्कोअरचे वाक्य काढून टाकावे, आणि जून 2025 ही तारीख ढाल म्हणून पुढे करू नये. पूर्ण कामे, परतलेले ग्राहक आणि शिफारसी तशाच राहू द्याव्यात, कारण स्कोअर घसरल्याने त्या खोट्या ठरत नाहीत. फीचर्ड विभागातला जुना स्क्रीनशॉट मात्र आठवणीने काढावा. सर्वांत जास्त वेळा विसरला जातो तो तोच.